स्टाफ मीटिंगमध्ये ‘समजेचा प्रश्न’ कसा मांडायचा: नव्या मुख्याध्यापकांसाठी

मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलं की पहिल्याच वर्षी हा विषय स्टाफसमोर मांडावा लागतो: आपले पेपर लेकरांची आठवण तपासतात, समज तपासत नाहीत, हे बदलू या. आपल्याकडे मराठवाड्यात बऱ्याच शाळांत असं भाषण होतं. माना डोलतात, चहा येतो, आणि दिवाळीआधीचा पेपर मागच्या वर्षीसारखाच निघतो. कारण भाषणात धोरण भरपूर असतं, पण प्रश्न एकही नसतो. पेपर काढायला बसलेल्या सरांना किंवा मॅडमना धोरण उपयोगी पडत नाही. समोर नमुना लागतो, आणि तो कसा तपासायचा हेही कुणीतरी दाखवावं लागतं.

म्हणून पुढे जे लिहितोय ते भाषण कसं गाजवायचं याबद्दल नाही. ते झाल्यावर निदान एक प्रश्न खरोखर बदलावा, यासाठी काय तयारी करायची आणि काय बोलायचं, तेवढंच.

आधी पेन्सिल घेऊन जुना पेपर वाचा

भाषणाच्या आधीच्या आठवड्यात मागच्या सत्राचा एक पेपर घ्या. दुसऱ्या कुणाचा नको, तुम्ही स्वतः जो विषय शिकवता त्याचाच घ्या. सेवाज्येष्ठ शिक्षकाचा पेपर सगळ्यांसमोर उघडला की पुढची दोन वर्षं तुमचं कुणी ऐकणार नाही.

प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलीनं ‘आ’ किंवा ‘स’ लिहा, म्हणजे आठवण किंवा समज. ठरवायची कसोटी एकच ठेवा: या प्रश्नाचं उत्तर पाठ्यपुस्तकात, वहीत किंवा गाईडमध्ये तयार वाक्यांत सापडतं का? सापडत असेल तर तो ‘आ’. प्रश्नाची सुरुवात ‘का’नं होते की ‘कसे’नं, याकडे बघूच नका.

बहुतेकांची फसगत इथेच होते. विज्ञानातला ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न नावावरून समजेचा वाटतो. ‘मातीच्या माठातील पाणी थंड राहते’ याचं कारण मात्र वर्गात फळ्यावर लिहून दिलेलं असतं, गाईडमध्ये चार ओळींत छापलेलं असतं, आणि चाळीस उत्तरपत्रिकांत त्याच चार ओळी त्याच क्रमानं येतात. तो ‘आ’च. त्याच धड्यावर असं विचारा: ‘एका घरी शोभेसाठी माठाला बाहेरून सगळीकडून ऑइलपेंट लावला. उन्हाळ्यात त्यातलं पाणी आधीसारखं गार होईल का? का?’ आता ‘सूक्ष्म छिद्रे’ आणि ‘बाष्पीभवन’ हे शब्द नुसते आठवून भागत नाही. रंगानं छिद्रं बुजली तर पुढे काय होईल, हे लेकराला जोडावं लागतं.

सगळा पेपर झाला की प्रश्न मोजू नका, गुण मोजा. समजा ४० गुणांच्या पेपरात ३४ गुण ‘आ’चे निघाले, तर हाच तुमच्या भाषणातला एकमेव आकडा. दुसरी आकडेवारी लागत नाही.

आपण सगळ्यांनी बी.एड.ला संविधान तक्ता केलाय: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, प्रत्येकाला भारांश. आणि आपल्या सगळ्यांना हेही ठाऊक आहे की पेपर आधी तयार होतो आणि तक्ता नंतर त्याला जुळेल असा भरला जातो. त्या तक्त्यावर विसंबून ‘आमच्या पेपरात आकलनाला तीस टक्के आहेत’ असं म्हणू नका. पेन्सिलीची खूण जास्त खरी.

वेळ

हे भाषण निकालानंतर करू नका, ते दोषारोपासारखं ऐकू येतं. शनिवारी शाळा सुटता सुटताही करू नका, कारण अर्ध्या लोकांच्या नजरा एसटीच्या वेळेवर असतात. पहिल्या सत्राचे पेपर काढायला आठ-दहा दिवस असताना करा, पंचवीस मिनिटांत संपवा, आणि फळा असलेल्या वर्गात करा, ऑफिसमध्ये नको.

बोलायला सुरुवात कशी करायची

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, ब्लूम यांचं वर्गीकरण, परिपत्रकं, यांनी सुरुवात करू नका. हे सगळं स्टाफनं केंद्राच्या शिक्षण परिषदेत ऐकलेलं असतं, आणि पहिल्या वाक्यातच लोक मनानं उठून जातात. आपला पेपर हातात धरा आणि साधारण असं बोला:

‘हा माझाच पेपर आहे, मागच्या सत्राचा. काल पेन्सिल घेऊन बसलो. चाळीसपैकी चौतीस गुण असे निघाले की गाईड पाठ असेल तर धडा न समजताही मिळतात. ज्या पोराला ते चौतीस मिळाले, त्याला धडा कळला की नाही, हे या पेपरावरून मला सांगता येत नाही. मला ते सांगता यायला हवं. म्हणून आज एकच प्रश्न आपण मिळून बदलू.’

एवढंच. ‘आपण कमी पडतो’, ‘जग कुठे चाललंय’ वगैरे काही नको. आणि लगेच पुढचं वाक्य टाका, कारण ते नाही बोललात तर सगळी सभा त्याच वादात जाते: ‘आठवणीचे प्रश्न बंद करायचे नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख आपल्या लेकरांना पाठच हवी. पाढे पाठ हवेत, सूत्रं पाठ हवीत. प्रश्न प्रमाणाचा आहे.’

फळ्यावर एक प्रश्न बदलून दाखवा

भाषणाचा अर्धा वेळ इथे द्या. मी आठवी-नववीचा बाष्पीभवनाचा प्रश्न घेतो, कारण आपल्या भागात शेततळं, टँकर, आटलेली बोअर हे सगळ्यांना सांगायला लागत नाही आणि भाषेच्या शिक्षकालाही तो समजतो.

जुना प्रश्न फळ्यावर लिहा: ‘बाष्पीभवन म्हणजे काय? बाष्पीभवनावर परिणाम करणारे घटक लिहा.’ (३ गुण)

आता विचारा, ‘हे ज्याला खरंच कळलंय त्याला काय करता यायला हवं?’ कुणीतरी म्हणेल, पृष्ठभाग मोठा असेल तर पाणी जास्त उडतं हे ओळखता यायला हवं. मग पहिला कच्चा प्रश्न लिहा:

‘दोन शेततळ्यांत सारखंच पाणी आहे. एक पसरट व उथळ, दुसरं अरुंद व खोल. कोणतं लवकर आटेल? का?’

हा चांगला वाटतो, पण यात एक भोक आहे आणि ते स्टाफलाच शोधू द्या. पोरगं लिहील, ‘पहिलं, कारण ते उथळ आहे.’ उत्तर बरोबर आहे आणि कारणही चुकीचं नाही. पातळी सारख्याच वेगानं उतरली तर उथळ तळं आधी तळ गाठणारच. पण त्यात पृष्ठभागाचा संबंध आलाच नाही. म्हणजे आपल्याला जे तपासायचं होतं ते न तपासताच पूर्ण गुण द्यावे लागतील. समजेच्या प्रश्नात हा दोष फार वेळा राहतो: अपेक्षित विचार टाळून बरोबर उत्तराला पोचता येतं.

मग प्रश्न फिरवा. लेकरांच्या डोक्यात जो चुकीचा समज हमखास असतो, तोच एका माणसाच्या तोंडी घाला:

‘दोन शेततळ्यांना प्लास्टिकचं अस्तर आहे. ‘अ’ तळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व २ मीटर खोल आहे. ‘ब’ तळं २० मीटर लांब, २० मीटर रुंद व ४.५ मीटर खोल आहे. दोन्ही काठोकाठ भरली आहेत. बाजू सरळ उभ्या आहेत असं समजा. मे महिन्यात कुणीही पाणी उपसत नाही, तरी दोन्ही तळ्यांची पातळी रोज १ सेंटिमीटर उतरते. ‘ब’चा मालक म्हणतो, “पातळी सारखीच उतरते, म्हणजे दोघांचं पाणी सारखंच उडतं.” त्याचं म्हणणं बरोबर आहे का? कारणासह लिहा.’ (३ गुण)

गणित फळ्यावर करून दाखवा. दोन्ही तळ्यांत १,८०० घनमीटर पाणी आहे. ‘अ’चा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर, १ सेंटिमीटर उतरला की ९ घनमीटर, म्हणजे ९,००० लिटर गेलं. ‘ब’चा पृष्ठभाग ४०० चौरस मीटर, त्यातून ४,००० लिटर गेलं. पातळी सारखीच उतरली, पाणी मात्र दुपटीहून जास्त उडालं. अस्तराचा उल्लेख मुद्दाम आहे. तो नसेल तर हुशार पोरगं झिरप्याचा मुद्दा काढेल आणि त्याचं बरोबरच असेल.

सरळ बाजूंचं वाक्यही तसंच. खऱ्या शेततळ्याच्या बाजू उताराच्या असतात. ज्याच्या घरी शेततळं आहे ते लेकरू हे वाचून हसेल, आणि एखादं लिहीलही की ‘असं तळं कुणी खोदत नाही, ढासळेल’. त्याचे गुण कापू नका, बाजूला शाबासकी लिहा.

उत्तरसूचीशिवाय सभा सोडू नका

प्रश्न बदलणं त्यामानानं सोपं. गाडी अडते ती तपासताना. आठवणीच्या उत्तराला मुद्दे मोजून गुण देता येतात. इथे प्रत्येक लेकरू वेगळं लिहितं, आणि सूची ठरलेली नसेल तर तपासणारा शेवटी शब्द शोधायला लागतो. ‘बाष्पीभवन’ हा शब्द दिसला की एक गुण, ‘पृष्ठभाग’ दिसला की दुसरा. झालं, पुढच्या वर्षी पोरं तेच दोन शब्द पाठ करून येतात.

म्हणून प्रश्नाखालीच सूची लिहा. मालकाचं म्हणणं चूक आहे, एवढं म्हटलं तर १ गुण. पाणी पृष्ठभागावरून उडतं आणि ‘अ’चा पृष्ठभाग मोठा आहे, हे कोणत्याही शब्दांत आलं तर आणखी १. ते आकड्यांनी किंवा स्वच्छ तुलनेनं दाखवलं तर तिसरा. मग सभेत चार नमुना उत्तरं वाचून दाखवा आणि गुण विचारा.

‘बाष्पीभवन म्हणजे द्रवाचे वायूत रूपांतर होय. तापमान, वारा, पृष्ठभाग, आर्द्रता हे घटक आहेत.’ याला शून्य. इथे सभेत कुरबुर होईल, ‘एवढं पाठ केलंय, अर्धा तरी द्या’. देऊ नका. जे विचारलं त्याचं हे उत्तर नाही. व्याख्येचे गुण त्याला दुसऱ्या प्रश्नात मिळतातच.

‘मालक बरोबर आहे, कारण ऊन दोघांवर सारखंच पडतं.’ यालाही शून्यच, पण उत्तरपत्रिकेवर खूण करून ठेवा. या लेकरानं विचार केलाय, फक्त प्रत्येक चौरस मीटरवर पडणारं ऊन आणि एकूण ऊन यांत त्याचा घोळ झालाय. दुसऱ्या दिवशी शिकवायचं काय, हे या एका ओळीनं सांगितलं.

‘चूक. ‘अ’ लई पसरट हाय म्हणून तेच्यातलं जास्त उडतंय.’ याला २ गुण. बोली आहे म्हणून एकही गुण कापायचा नाही. विज्ञानाच्या पेपरात आपण भाषा तपासत नाही. हे मुख्याध्यापकानं स्वतः स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं, कारण सवयीनं कापला जातो.

‘चूक. अ ९००० लिटर, ब ४००० लिटर.’ याला पूर्ण ३. वाक्यरचना नाही, पण आकड्यांत कारण आलेलं आहे.

या चार उत्तरांवर जी चर्चा होते, ती तासभराच्या व्याख्यानापेक्षा उपयोगी. चर्चा तापली तरी चालेल, पण निर्णय तिथेच घ्या आणि सूची कागदावर उतरवा.

इतर विषयांचं काय

विज्ञानेतर शिक्षक इथे निवांत व्हायला लागतात, म्हणून इतिहासाचं एक उदाहरण खिशात ठेवा. ‘मराठवाडा कधी मुक्त झाला?’ हा आठवणीचा प्रश्न, तो राहू द्या. त्याला जोडून असा विचारा: ‘सप्टेंबर १९४७. एक मुलगा सोलापुरात राहतो, त्याचा मामेभाऊ तुळजापुरात. दोघांनाही आपापल्या घरावर तिरंगा लावायचा आहे. दोघांच्या परिस्थितीत काय फरक होता आणि का?’ सोलापूर मुंबई प्रांतात होतं आणि तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि ते संस्थान तेव्हा भारतात विलीन झालेलं नव्हतं. ज्याला हे कळलंय तो उत्तर देऊ शकतो. ज्यानं फक्त तारीख पाठ केली तो अडतो. भाषेच्या शिक्षकांना फारसं सांगावं लागत नाही. दहावीची कृतिपत्रिका आणि तिच्यातला अपठित उतारा त्यांच्या अंगवळणी पडलाय. उलट त्यांनाच दोन मिनिटं बोलायला सांगा.

हमखास येणारे आक्षेप

‘बोर्ड असलं विचारत नाही, मग आपण कशाला?’ याला वाद घालू नका. भाषेच्या पेपराचं उदाहरण आत्ताच दिलंय, ते दाखवा आणि म्हणा की घटक चाचणीत तीन गुणांनी बोर्डाचा निकाल खाली येत नाही.

‘लातूर पॅटर्ननं राज्यात नाव काढलं ते सराव करूनच ना?’ हा आक्षेप आपल्या भागात येणारच आणि तो खोडून काढण्याजोगा नाही. सराव आणि एकामागून एक चाचण्या, ही त्या पद्धतीची ताकद आहेच. तुमचं उत्तर एवढंच असू द्या की सराव कमी करा असं मी म्हणत नाही, सरावाच्या कागदावर न पाहिलेला एक प्रश्न घाला असं म्हणतोय. आणि बारावीनंतर ज्या प्रवेश परीक्षांसाठी पोरं लातूर गाठतात, तिथे न पाहिलेलेच प्रश्न सोडवायचे असतात.

‘साठचा वर्ग आहे, तपासायचं कधी?’ हा खरा आक्षेप आहे. म्हणून एका चाचणीत एकच प्रश्न मागा. शक्य असेल तर त्या आठवड्यातला एखादा ऑफ तास तपासणीसाठी राखून द्या, बदली तासाला त्या शिक्षकाला पाठवू नका. हे तुमच्या हातात आहे, आणि बोलण्यापेक्षा याचाच परिणाम जास्त होतो.

‘कच्च्या पोरांचं काय होणार?’ कच्ची पोरं अडतात ती बहुतेकदा प्रश्नाच्या लांबीला, विचाराला नाही. आपलाच शेततळ्याचा प्रश्न मोठा आहे. तो दोन चौकटींच्या साध्या आकृतीसह दिला, मापं आकृतीवर लिहिली आणि मजकूर तीन वाक्यांवर आणला, तर मागच्या बाकावरचं लेकरूही हात घालतं.

शेवटी एकच मागणी

‘सगळ्यांनी आपापले पेपर सुधारा’ असं म्हणून बसलात तर काहीच होणार नाही. मागणी मोजता येईल अशी ठेवा: २० गुणांच्या पुढच्या घटक चाचणीत ३ गुणांचा एक प्रश्न असा, ज्याचं उत्तर कुठेही छापलेलं नाही. सोबत त्याची सूची. चाचणीच्या दोन दिवस आधी तो प्रश्न शेजारच्या विषयाच्या शिक्षकाला सोडवायला द्यायचा. गणिताच्या सरांना भूगोलाचा प्रश्न वाचून काय विचारलंय तेच कळलं नाही, तर आठवीच्या लेकराला कळणार नाही.

आणि एक अट मोठ्यानं सांगा: हा प्रश्न वर्गात आधी सांगायचा नाही, ‘महत्त्वाचा’ म्हणून खूण करायची नाही. एकदा उत्तर लिहून दिलं की कितीही चांगला प्रश्न आठवणीचा होतो. पण त्या पद्धतीचे दुसरे प्रश्न वर्गात तोंडी विचारायचेच. वर्षभर व्याख्या लिहून घ्यायच्या आणि चाचणीत अचानक शेततळं काढायचं, हा लेकरांवर अन्याय आहे.

चाचणी झाल्यावर

प्रत्येकानं त्या प्रश्नाच्या पाच उत्तरपत्रिका घेऊन यायच्या: दोन चांगल्या, दोन मधल्या, एक कोरी. अर्ध्या तासाची दुसरी बैठक. इथे भाषण नको, कागद बोलतात.

लिहिलेल्या चारही उत्तरांत तीच वाक्यं त्याच क्रमानं असतील, तर उत्तर आधी सांगितलं गेलंय. बैठकीत सगळ्यांसमोर त्या शिक्षकाला बोलू नका; नंतर एकट्यात विचारा, निकालाची भीती वाटली का म्हणून. बहुतेक वेळा हेच कारण असतं. अर्ध्याहून जास्त वर्गानं प्रश्न सोडून दिला असेल, तर आधी प्रश्नाची भाषा बघा, मग वर्गात असं कधी विचारलं होतं का ते बघा. सगळ्यांनाच पूर्ण गुण असतील आणि उत्तरं मात्र वेगवेगळी, अगदी परस्परविरोधी असतील, तर प्रश्न ‘तुमचे मत लिहा’ छापाचा झालाय. मत विचारायला हरकत नाही, पण सूचीत मताला गुण नकोत, त्यामागच्या कारणाला हवेत.

बैठकीतले चांगले प्रश्न एका रजिस्टरमध्ये सूचीसह चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षी तोच प्रश्न मापं बदलून वापरू नका, कारण धाकट्या भावंडांकडे जुने पेपर पोचलेले असतात. धडा तोच, प्रसंग नवा हवा. शेततळ्याच्या जागी ओले गहू घ्या: सारख्याच वजनाचे ओले गहू एकीनं गच्चीवर पातळ पसरले, दुसरीनं ढीग घातला. संध्याकाळी कुणाचे गहू वजनाला हलके भरतील, आणि का?